बोजा उतरल्यावर

फोनला कंपनीचं लॉक लावणं ही निव्वळ दादागिरी, असं माझं मत होतं आणि दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला मी ते ठासून सांगायचो. पासोड्या विठोबाच्या आसपास मोबाइल दुरुस्तीत वर्षं काढलेल्या माणसाचं मत दुसरं काय असणार? पैसे मोजून घेतलेल्या फोनमध्ये कुणाचं सिम घालायचं, हे कंपनी कोण ठरवणार? आज मी इतक्या सरळ तसं म्हणत नाही. मत का बदललं, आणि कुठल्या जागी ते अजूनही बदललेलं नाही, हे सांगतो.

मुळात आपल्याकडे फोन आणि सिम वेगवेगळं घ्यायचीच सवय. त्याला अपवाद म्हणजे 2003मध्ये रिलायन्सने ‘मान्सून हंगामा’त 501 रुपये भरून फोन हातात दिला, बाकीचं महिन्याच्या बिलातून. त्या फोनला सिमच नव्हतं, नंबर फोनमध्येच भरलेला. कंपनी सोडली की फोन निरुपयोगी. पण पाचशे रुपयांत मिळालेल्या वस्तूबद्दल तक्रार तरी काय करणार?

खरी चीड आली ती ऑगस्ट 2008मध्ये. एअरटेल आणि व्होडाफोनने आयफोन 3जी आणला तो 31,000 रुपयांना, आणि तोही लॉक करून. हाच फोन अमेरिकेत दोन वर्षांच्या करारावर 199 डॉलरला, म्हणजे तेव्हाच्या भावाने साडेआठ हजारांच्या आसपास मिळत होता. तिथे उरलेली किंमत कंपनी आधी भरत होती आणि दोन वर्षांच्या बिलातून वसूल करत होती. इथे गिऱ्हाइकाने भरभक्कम रक्कम रोख मोजली, तरी कुलूप होतंच. माझं मत तिथे घट्ट झालं.

शिवाय लॉक तोडणं हा तेव्हा आमच्या हातचा खेळ होता. युरोपातून येणाऱ्या जुन्या नोकियाचा अनलॉक कोड त्याच्या आयएमईआय नंबरवरून गणिताने काढता यायचा. `#pw+` पुढे तो कोड, मग `+1#`, की फोन कुठलंही सिम घ्यायला तयार. फक्त पाचदा चुकलं की कोडचा रस्ता कायमचा बंद, मग केबल लावून बसायचं. किल्ली फोनमध्येच दडलेली असायची, ती शोधायला थोडी अक्कल लागायची एवढंच.

आयफोनमध्ये ती किल्ली फोनमधून उठून ॲपलच्या सर्व्हरवर गेली. प्रत्येक सिममध्ये एक ओळख क्रमांक असतो आणि त्याचे सुरुवातीचे आकडे देश आणि कंपनी सांगतात. एअरटेलच्या महाराष्ट्रातल्या सिमचे आकडे 404 90. फोन पहिल्यांदा चालू होताना आपला आयएमईआय ॲपलच्या सर्व्हरला कळवतो आणि त्या नंबरपुढे कुठल्या कंपन्यांची मुभा नोंदलेली आहे ते सही-शिक्क्यानिशी परत येतं. सिमचे आकडे त्यात बसले नाहीत की पडद्यावर “SIM Not Supported”. टाइप करायला कोडच नाही, त्यामुळे दुकानदाराने काढायचं काही उरत नाही.

मग बाजारात चिप आली. कागदाएवढी पातळ पट्टी, सिमला चिकटवून ट्रेमध्ये सरकवायची. ती फोनला खोटं सांगते की हे सिम अमेरिकन कंपनीचंच आहे. मीही बसवून दिल्या. पण ॲपलचं नवं अपडेट आलं की ते सोंग उघडं पडायचं आणि गिऱ्हाईक नेटवर्क गेलं म्हणून पुन्हा दारात. सर्व्हरवरची नोंद बदलत नाही तोवर अनलॉक झालंच नाही, हे त्या फेऱ्यांतून डोक्यात पक्कं बसलं.

मत मात्र बदललं ते कोथरूडच्या एका काकांच्या फोनमुळे. मुलाने न्यू जर्सीहून पाठवलेला, नवाकोरा, “फुकट मिळालेला”. मी मुलाशी बोललो आणि हिशोब मांडला. आकडे सोपे करून सांगतो. फोन 720 डॉलरचा, 36 हप्ते, महिना 20. कंपनी बिलात दर महिन्याला तेवढेच 20 वजा करते, म्हणून फुकट. फोन काकांकडे आला तेव्हा बारा हप्ते झाले होते, म्हणजे 480 डॉलर बाकी. अनलॉक हवं तर ते एकरकमी भरायचे, आणि अशा बऱ्याच योजनांत मुदतीआधी फेडलं की पुढची वजावटही बंद. म्हणजे फुकटच्या फोनची दोन तृतीयांश किंमत खिशातून. काका म्हणाले, “अहो, मग हा फोन आमचा कुठे, कंपनीचाच की!”

तेच तर. फोन कर्जावर होता. सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात बँकेचा बोजा असतो, तसं हे लॉक. जमीन कसायला आडकाठी नाही, कर्ज फिटेपर्यंत परस्पर विकता येऊ नये एवढाच हेतू. फोनच्या बाबतीत ही धास्ती पोकळ नाही. व्हेरायझनने 2019मध्ये अमेरिकेच्या दूरसंचार आयोगापुढे हेच मांडलं, की खोट्या नावावर फोन उचलतात आणि हप्ता न भरता परदेशात विकतात, आणि आयोगाने 60 दिवस लॉक ठेवायची परवानगी दिली. परदेशात म्हणजे कुठे, हे मला वेगळं सांगायला नको. चिप बसवून दिलेल्या फोनांपैकी काही त्याच वाटेने आले असणार, हे पटलं तेव्हा दादागिरी नेमकी कुणाची, हा प्रश्न पडला.

आता अमेरिकेतून आलेला फोन अनलॉक करायची पद्धत सांगतो. `*#06#` दाबून आयएमईआय घ्या. हप्ते फिटलेत आणि फोन तिथल्या नेटवर्कवर ठरलेले दिवस वापरलाय याची खात्री करा. एटी अँड टीच्या नियमात 60 दिवस, टी-मोबाइलच्या पोस्टपेडला 40. मग ज्याच्या नावावर खातं होतं त्यानेच कंपनीकडे अर्ज करायचा. मंजुरी आली की फोन वायफायला जोडून इथलं सिम घाला. नाहीच घेतलं तर बॅकअप घेऊन फोन पुसून पुन्हा चालू करा. Settings, General, About इथे Carrier Lock पुढे “No SIM restrictions” दिसलं की काम झालं. अमेरिकेतल्या आयफोन 14 पासून सिमचा ट्रेच नाही, तिथे ई-सिम घ्यावं लागतं. आणि फोन चोरीचा म्हणून काळ्या यादीत असेल किंवा जुन्या मालकाच्या ॲपल खात्याला बांधलेला असेल, तर कंपनीचं लॉक निघूनही उपयोग नाही. ती कुलपं वेगळी. फोन घेण्याआधी `KYM`, एक जागा सोडून आयएमईआय, असा एसएमएस 14422 ला करा. आपल्याकडची नोंद तरी कळते.

मत बदललं नाही ते एवढ्यापुरतं. कर्ज फिटल्यावर लॉक आपोआप निघायला हवं. सातबाऱ्यावरचा बोजाही अर्ज केल्याशिवाय उतरत नाही आणि जमीन विकायच्या दिवशीच लोकांना त्याची आठवण होते. फोनचंही बहुतेकदा तेच, फक्त इथे माणूस पुण्यात आणि खातं अमेरिकेत. कॅनडाने डिसेंबर 2017पासून आणि ब्रिटनने डिसेंबर 2021पासून लॉक केलेले फोन विकायला बंदी घातली. थकबाकीदाराला गाठायला तिथे करार पुरतो. आणि 2008च्या त्या 31,000च्या आयफोनवर तर कर्जच नव्हतं, मग बोजा कशाचा होता? त्याचं समर्थन मला तेव्हा जमलं नाही, आजही जमत नाही.