पुस्तकाला उशीर का होतोय



तुमचं पुस्तक आज जळगावहून धुळ्याला निघायचं होतं. ते जमत नाहीये, चूक माझी आहे. रात्री नवं विंडोज टाकताना इन्स्टॉलेशन मध्येच अडकलं. तोवर सी ड्राइव्ह पुसला गेला होता. पानं डी ड्राइव्हवर होती, ती वाचली. मराठी फॉन्ट मात्र गेले. आता फाइल उघडली की इंग्रजी अक्षरांचा गोंधळ दिसतो.

मजकूर शाबूत आहे. जुन्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षराच्या जागी मराठी अक्षराचं चित्र बसवलेलं असतं. फॉन्ट परत टाकला की मराठी दिसेल. पण फॉन्टची आवृत्ती वेगळी निघाली, तर अक्षरांची रुंदी बदलून ओळी सरकतात. म्हणून १६० पानं तुम्ही तपासलेल्या पीडीएफशी ताडून पाहावी लागतील.

चार दिवस द्या. सोमवारी पाठवतो, इन्शाअल्लाह. यापुढे फाइलींसोबत फॉन्टचीही प्रत वेगळी ठेवीन.