ठरावीक उत्तर आणि दिलेला शब्द

महाबळेश्वरातील आठ खोल्यांचे एखादे छोटे हॉटेल घ्यावे. डिसेंबरच्या अखेरीस त्याच्या व्हॉट्सॲपवर दिवसभर तेच तीन प्रश्न येतात : दर काय, खोली मिळेल का, आणि यायचे कसे? मालक एकटा, म्हणून व्हॉट्सॲप बिझनेसमधील स्वयंचलित उत्तरांची सोय तो सुरू करतो. परंतु हे तीन प्रश्न एका जातीचे नाहीत.

समजा, रात्री अकरा वाजता पुण्याचे एक कुटुंब विचारते, ‘उद्या दोन खोल्या मिळतील का?’ क्षणात उत्तर येते : ‘खोल्या उपलब्ध आहेत.’ कुटुंब पहाटे निघते आणि दारात पोहोचल्यावर त्यांना कळते की सर्व खोल्या दोन दिवसांपूर्वीच भरल्या आहेत. मालकाने तो मजकूर ऑक्टोबरमध्ये लिहिलेला असतो. त्या उत्तराने प्रश्न वाचलेला नसतो, नोंदवहीही पाहिलेली नसते. स्वागतसंदेश ग्राहकाच्या पहिल्या संदेशाला, किंवा चौदा दिवसांच्या खंडानंतर जातो. अनुपस्थितीचा संदेश ठरवलेल्या वेळेत जातो. दोहोंना एवढेच ठाऊक असते. पाहुण्याने मात्र तो हॉटेलचा शब्द मानलेला असतो.

म्हणून उपलब्धतेविषयीच्या ठरावीक संदेशाने उत्तर देऊ नये, प्रश्न विचारावा : ‘आगमनाची तारीख, रात्री किती आणि माणसे किती, हे कळवावे. सकाळी आठपर्यंत उत्तर देऊ. तोवर खोली राखीव समजू नये.’ होकार माणसानेच द्यावा, तोही नोंदवही आणि आरक्षणाची संकेतस्थळे ताडून पाहिल्यावर.

दर ठरावीक संदेशात सांगता येतात. मात्र ते कोणत्या तारखांचे आणि करासह की कराविना, हे त्यात असावे. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवरील वस्तू व सेवा कर १२ वरून ५ टक्क्यांवर आला. २,००० रुपयांच्या खोलीचे २,२४० रुपये सांगणारा जुना संदेश तसाच राहिला, तर २,१०० रुपयांचे बिल करणाऱ्या हॉटेलचा पाहुणा दर पाहूनच दुसरीकडे वळतो.

रस्ता सहसा बदलत नाही. पण तो पाहुणा कोठून येतो यावर ठरतो. पुण्याकडून येणाऱ्यास वाई, पसरणी घाट, पाचगणी. कोकणातून येणाऱ्यास पोलादपूर आणि आंबेनळी घाट. म्हणून ‘/पुणे’ आणि ‘/कोकण’ अशी दोन झटपट उत्तरे नकाशाच्या दुव्यासह साठवावीत. पावसाळ्यात दरडी कोसळून आंबेनळी घाट बंद होतो. त्या दिवसांत दुसरे उत्तर पाठवण्यापूर्वी रस्त्याची चौकशी करावी.

मजकूर बदलल्यावर दुसऱ्या फोनवरून तपासणी करावी, तीही कधी न वापरलेल्या क्रमांकावरून. कालच संदेश पाठवलेल्या फोनवर स्वागतसंदेश येत नाही आणि सोय बंद पडली असा उगाच समज होतो.