पाचांतला पहिला

हॉकी नव्याने बघणाऱ्यांना मी पॅरिस ऑलिंपिकमधला भारत-ब्रिटन सामना दाखवतो, ४ ऑगस्ट २०२४ चा. सतराव्या मिनिटाला अमित रोहिदासला लाल कार्ड मिळालं. हिरव्या कार्डाला दोन मिनिटं बाहेर, पिवळ्याला किमान पाच. लाल कार्डाला मात्र सामना संपला, बदली खेळाडूही नाही. उरलेला वेळ भारत दहा जणांनी खेळला.

मग पेनल्टी कॉर्नरला बचाव दुबळा होतो का? संख्येने नाही. तेव्हा गोलकीपर धरून पाचच जण गोलरेषेमागे असतात, बाकीचे मध्यरेषेपलीकडे. प्रश्न असतो तो पाच कोण याचा. चेंडू ‘डी’बाहेर जाऊन आला की पहिला जोरदार फटका ४६० मिलिमीटरपेक्षा उंच चालत नाही, पण ड्रॅग-फ्लिकला ती मर्यादा नाही. म्हणून बचावातला एक जण चेंडू सुटताच थेट फ्लिक मारणाऱ्याच्या अंगावर धावतो. भारतासाठी ते काम रोहिदासचं.

शूटआउट भारताने ४-२ जिंकलं. पण लाल कार्डामुळे उपांत्य फेरीत रोहिदासवर बंदी आली. तिथे जर्मनीचा पहिला गोल पेनल्टी कॉर्नरवरच झाला आणि भारत २-३ हरला. तो असता तर गोल अडला असता, असं म्हणता येत नाही. पण कार्डाची किंमत पुढच्या सामन्यातही मोजावी लागते, हे दिसतं.