अक्काची घबराहट



माझी थोरली बहीण, आमची अक्का, सांगलीला धाकट्या मुलाकडे असते. त्याआधी चार वर्षं ती बंगळूरला थोरल्याकडे होती आणि तिच्या मधुमेहाचे डॉक्टर तिथलेच. मिरज शेजारी असताना बंगळूरचे डॉक्टर कशाला, असं मीही विचारलं होतं. पण तिची सगळी माहिती त्यांच्याकडे आहे, म्हणून तीन महिन्यांनी एकदा व्हिडिओवर भेट होते. डॉक्टर इंग्रजी आणि हिंदी बोलतात. अक्काची हिंदी भाजीवाल्यापुरती. आजवर थोरला भाचा मध्ये बोलायचा. या वेळी तो परदेशात होता, म्हणून मी साताऱ्याहून त्याच लिंकवर यायचं ठरलं.

दोन दिवस आधी रिपोर्ट चढवायला बसले. सूनबाईने व्हॉट्सॲपवर फोटो पाठवले होते, पण तसे पाठवले की ते बारीक होऊन येतात आणि मोठे करून बघितले तर 6.4 मधला टिंब दिसेना. साखरेच्या आकड्यात टिंब गेला तर काय उरलं! मग तिला कागद खिडकीजवळ सपाट ठेवून पुन्हा फोटो काढायला आणि 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगितलं. फाइलच्या नावात तारीख आणि तपासणी घातली. चढवून झाल्यावर तिथूनच एकेक उघडून वाचून पाहिलं. एक रिपोर्ट दोनदा गेला होता आणि किडनीचा राहिलाच होता.

अक्काची साखरेची वही मात्र फोटो काढण्यासारखी नव्हती. मी कॉमर्सची, खतावणीशिवाय चैन पडत नाही. वहीवरून एक पान तयार केलं: तारीख, संध्याकाळी किती वाजता जेवली, पहाटेची साखर, आणि काही त्रास झाला का. लिहिता लिहिता दिसलं, की तीन पहाटे आकडा सत्तरच्या खाली होता. एकदा तर 62. त्याच तीन दिवशी तिने पुढे लिहिलं होतं, "जीव घाबरा."

आदल्या दिवशी आवाजाची चाचणी. रुग्णालयाच्या पानावर आपण बोललो की हिरवी पट्टी हलते. सांगलीत ती हलेना. सूनबाईने मागे कधीतरी घाईत माइकला नकार दिला होता. ब्राउझर ते लक्षात ठेवतो आणि परत विचारत नाही. वरच्या पत्त्याशेजारच्या चिन्हावर दाबून, Permissions मध्ये Microphone चालू केला, पान नव्याने उघडलं, तेव्हा पट्टी हलली.

तरी भेटीच्या दिवशी प्रत्येक शब्द दोनदा ऐकू यायला लागला. दोष माझाच. सूनबाईला सूचना देण्यासाठी लावलेला साधा फोन मी बंदच केला नव्हता, आणि तिकडे तो स्पीकरवर होता.

डॉक्टरांनी नाव, वय विचारलं. मी कोण, ते मी आधीच सांगितलं आणि एकेक वाक्य बोलायची विनंती केली. पण त्रास काय, असं विचारताच अक्का स्वतःच म्हणाली, "घबराहट होती है." डॉक्टर काळजीबद्दल, झोपेबद्दल विचारू लागले. हिंदीत घबराहट म्हटल्यावर मनाची अस्वस्थता वाटणारच. मी अक्काला मराठीत विचारलं, नक्की काय होतं गं? "पहाटे चारला दरदरून घाम येतो, हात थरथरतात, पोटात खड्डा पडतो." ते जसंच्या तसं सांगितलं आणि खतावणीचं पान उघडायला सांगितलं.

त्यांनी पान वाचलं आणि विचारलं, "डिनर किती वाजता?" आपल्याकडे सूर्यास्ताआधी, थंडीत साडेपाचला. पुढे सकाळी आठपर्यंत काही नाही, म्हणजे साडेचौदा तास. संध्याकाळची ग्लिमेपिराइडची गोळी लिहून देताना त्यांनी जेवण नऊचं धरलं होतं, आणि "डिनर के बाद" ला आम्ही सगळे वर्षभर हो म्हणत होतो.

त्यांनी संध्याकाळची ती गोळी बंद केली, सकाळची ठेवली आणि दोन आठवडे पहाटेची साखर लिहायला सांगितलं. पुन्हा सत्तरच्या खाली गेली तर तीन चमचे साखर पाण्यातून लगेच घ्यायची, पंधरा मिनिटांनी परत तपासायचं. इथे अक्का गप्प झाली. मग हळूच म्हणाली, "नियम घेताना औषधाची सूट ठेवली आहे. हे औषधच की."

मी सगळं हिंदीत परत वाचून दाखवलं. तासाभराने चिठ्ठी आली. त्या गोळीपुढे आधी 1-0-1 असायचं, आता 1-0-0 होतं. सूनबाईने जुनी चिठ्ठी डब्यातून काढून टाकली आणि साखरेची वाटी अक्काच्या उशाशी ठेवली.