घाम येत होता, म्हणून आम्ही थांबलो

2022 ची रमजान ईद 3 मे रोजी झाली. माझा मामेभाऊ सळई बांधायचं काम करतो. रमजानमध्ये दिवसभर उन्हात काम झेपणार नाही म्हणून तो महिनाभर घरीच होता. ईद झाली, पाहुणे गेले आणि चार-पाच दिवसांनी मस्तगडमध्ये आमच्याच गल्लीत एका घराच्या स्लॅबचं काम त्याला मिळालं. महिन्याचा खाडा भरून काढायचा म्हणून तो सकाळी आठला चढला की थेट जेवणाच्या सुट्टीलाच खाली उतरायचा.

पहिल्याच दिवशी दुपारी तो आमच्या ओट्यावर येऊन बसला. चेहरा पांढरा पडलेला, अंगभर घाम, शर्टावर मिठाचे पांढरे डाग. डोकं दुखतंय, मळमळतंय, पोटऱ्यांत गोळे येताहेत, असं तो म्हणाला. पण बोलणं सरळ होतं. "भाईजान, ठेकेदाराला सांगा, अर्ध्या तासात येतो," हे त्याने नीट सांगितलं. अम्मीने त्याला आत फरशीवर आडवं केलं, पायाखाली उशी दिली, कूलर लावला आणि साखर-मीठ घातलेलं पाणी घोट घोट पाजलं. अर्ध्या तासात तो उठून बसला, हसला आणि संध्याकाळी घरी गेला.

याला डॉक्टर उष्णतेचा थकवा म्हणतात. घामावाटे पाणी आणि मीठ निघून गेलेलं असतं, रक्ताभिसरणावर ताण आलेला असतो, पण शरीराची स्वतःला थंड ठेवण्याची यंत्रणा अजून चालू असते. सावली, आडवं होणं, अंगावर ओलं फडकं आणि एक लिटर पाण्यात ओआरएसचं एक पाकीट. ते नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. एवढ्याने बहुतेक माणसं सावरतात. अर्ध्या तासात फरक पडला नाही किंवा उलट्या थांबेनात, तर दवाखाना गाठायचा.

अम्मीने केलं ते सगळं बरोबर होतं. आमची चूक दुसऱ्या दिवशी झाली. पहिली म्हणजे तो परत कामावर गेला आणि आम्ही जाऊ दिला. एकदा असा थकवा येऊन गेला की निदान दुसरा दिवस तरी उन्हापासून लांब राहायचं असतं. त्यात उन्हाची सवय ही अंगात साठवून ठेवता येणारी गोष्ट नाही. ती लागायला आठवडा-दोन आठवडे जातात आणि महिनाभर घरात बसलं की बहुतेक निघून जाते. मागच्या वर्षी त्याच उन्हात काम केलेला माणूस या वर्षी पहिल्या आठवड्यात नवखाच असतो. म्हणून पहिले काही दिवस कमी तास काम करून ते हळूहळू वाढवायचं असतं.

दुसऱ्या दिवशी दीडच्या सुमारास त्याच्या जोडीदारांनी त्याला धरून आणलं. पाय लटपटत होते. मी विचारलं, "काय रे, काल दिलेलं पाणी प्यायलास का?" तो म्हणाला, "ईदी कुठे ठेवली?" पुन्हा विचारलं, तर मुमानीला हाक मारायला लागला. मुमानी तिथे नव्हतीच. अंग तव्यासारखं तापलं होतं, पण घाम येत होता. गल्लीतले एक चाचा म्हणाले, "पसीना आ रहा है ना? मग लू नाही. झोपू द्या."

आम्ही सगळ्यांनीच ते ऐकलं. लू लागली की घाम बंद होतो, अंग कोरडं पडतं, असंच आपण लहानपणापासून ऐकत आलोय. घरात बसलेल्या म्हाताऱ्या माणसाला उष्माघात होतो तेव्हा ते पुष्कळदा खरंही असतं. पण अंगमेहनत करताना ज्याला उष्माघात होतो, त्याचा घाम अनेकदा चालूच असतो. थकवा आणि उष्माघात यांच्यातली खरी रेघ डोक्यात असते. माणूस असंबद्ध बोलतोय, चिडतोय, तोल जातोय, झटके येताहेत, हाकेला ओ देत नाही, यातलं एकही दिसलं आणि तो उन्हातून आलेला असेल, तर तो उष्माघातच समजायचा. शरीराच्या आतलं तापमान तेव्हा बहुधा 40 अंशांच्या वर गेलेलं असतं. काखेतला थर्मामीटर ते कमी दाखवतो, म्हणून त्याच्यावर विसंबायचं नाही. त्याला साधे प्रश्न विचारा: आज वार कोणता, तू कुठे आहेस, मी कोण.

आम्ही वीस-पंचवीस मिनिटं घालवली. कुणी कपाळावर कांदा चोळला, कुणी तापाची गोळी आणायला पळालं. मी त्याला लिंबूपाणी पाजायला गेलो तर त्याला जोराचा ठसका लागला. नंतर कळलं की शुद्ध हरपत चाललेल्या माणसाच्या तोंडात काहीही घालायचं नसतं, पाणी श्वासनलिकेत जातं. तापाच्या गोळीचाही उपयोग नसतो. तापात मेंदूच शरीराला तापायला सांगत असतो आणि गोळी तो हुकूम मागे घ्यायला लावते. उन्हाने चढलेल्या उष्णतेत असा हुकूमच नसतो.

शेवटी स्लॅबवरच्या एका पोराने त्याला उचलून बाहेर आणलं, शर्ट फाडून काढला आणि स्लॅबला पाणी मारायचा पाइप त्याच्यावर सोडला. आम्ही पत्र्याचे तुकडे घेऊन वारा घालू लागलो. शेजारून बर्फ आला, तो फडक्यात बांधून मानेला, काखेत, जांघेत ठेवला. 108 ला फोन केला. गाडी येईपर्यंत पाणी थांबवलं नाही, गाडीतही ओल्या चादरीतच नेलं.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं, त्या पोराने केलं तेच आधी करायला हवं होतं: आधी थंड करा, मग हलवा. पहिल्या अर्ध्या तासात अंग उतरलं तर मेंदू, मूत्रपिंड, यकृत वाचण्याची शक्यता खूप वाढते. आपल्याकडची हवा कोरडी, त्यामुळे ओलं अंग आणि वारा हा उपाय चांगला लागू पडतो, पाणी उडताना उष्णता घेऊन जातं. नळाला पाणी नसेल तर पिंपातलं, टँकरचं, कसलंही चालतं. माणूस बेशुद्ध असेल तर कुशीवर वळवायचं.

दमट हवेत मात्र घाम उडत नाही, म्हणून तिथे कमी तापमानातही घात होतो. 16 एप्रिल 2023 ला खारघरच्या महाराष्ट्र भूषण सोहळ्यात लोक उघड्या मैदानात तासन् तास बसले होते. तिथे पारा 38 अंशांच्या आसपास होता, जालन्यात आम्ही ज्याला साधं ऊन म्हणू. त्या दिवसाने 14 जीव घेतले.

आता रमजान उन्हाळ्यातून मागे सरकलाय, तरी उन्हात रोजा धरून काम करणारे असतातच. अंगावर पाणी ओतल्याने रोजा तुटत नाही. आणि थकव्याची चिन्हं दिसली तर रोजा सोडून पाणी प्यावं. आजारी माणसाला ती सवलत कुरआननेच दिली आहे, कजा नंतर भरता येते.

मामेभाऊ अकरा दिवस दवाखान्यात होता. मूत्रपिंडं सावरली. पण आता थोड्या उन्हातही त्याला गरगरतं, म्हणून तो सळईचं काम सोडून दुकानात बसतो. तो बरा झाला म्हणून सगळे मला "वाचवलंस" म्हणतात. मी त्यांना त्या पंचवीस मिनिटांबद्दल सांगतो. पाइप दहा पावलांवर होता आणि आम्ही घाम आटायची वाट पाहत होतो.