रोलबॅक

दांडिया बाजारात बाबांच्या न्हाव्याकडे मी फार वर्षांनी गेलो. मानेभोवती कापड बांधता बांधता तो म्हणाला, "राते बे वागे बेंकनुं मशीन चालु कर्युं, ते तमे ज ने?" मी आरशातून त्याच्याकडे बघतच राहिलो. पुढे तो म्हणाला, "चाळीस मिनिटमां! रोलबॅक!"

ही गोष्ट मी घरात कोणालाच सांगितली नव्हती. दिवाळीला बडोद्याला आलो होतो. आमच्या टीमने रात्री नवी आवृत्ती चढवली आणि लोकांचे पैसे खात्यातून वजा व्हायचे, पण दुकानदाराला पोचायचे नाहीत. चूक शोधत बसलो असतो तर पहाट झाली असती. म्हणून आधी जुनी आवृत्ती परत बसवली, अडकलेले व्यवहार एकेक जुळवले, चूक शोधायचं काम सकाळवर टाकलं. हे सगळं गॅलरीत उभं राहून, फोनवर, हळू आवाजात. बाबांच्या खोलीतला दिवा तर बंद होता.

सकाळी बाबा पेपरच्या आडून म्हणाले होते, "मागे न्यायचं, त्याला काय शब्द आहे रे?" मी म्हटलं, "रोलबॅक." ते "हं" म्हणाले आणि चहा प्यायले. मला वाटलं, शब्दकोड्यासाठी विचारताहेत.

म्हणजे ते जागे होते. चाळीस मिनिटं अंधारात पडून ऐकत होते.

आमच्याकडे हे असंच. बी.ई.चा निकाल लागला तेव्हा मला म्हणाले, "गुणपत्रिका सांभाळून ठेव." त्याच संध्याकाळी जोश्यांच्या घरी पेढे त्यांनीच पोचवले, हे मला जोशीकाकूंकडून कळलं. पण पेढ्यांपेक्षा 'सांभाळून ठेव' हेच माझ्या डोक्यात बसलं. नोकरीची पहिली चार-पाच वर्षं मी धरूनच चाललो की यांना माझं काम पटत नाही. फोन लावला की आईशीच बोलायचो. बाबा मागून "जेवला का विचार" म्हणायचे, तेही आईलाच. आता हिशेब करतो तर वाईट वाटतं, कारण त्या वर्षांत गावाला मात्र माझी खडान् खडा माहिती होती.

न्हाव्याकडून आल्यावर सरळ विचारलं, "बाबा, त्याला तुम्ही सांगितलंत?" ते उठले, तुळशीला पाणी घालायला गेले. सकाळी एकदा घालून झालं होतं.

समोरासमोर त्यांना जमत नाही, हे उशिरा का होईना कळलं. स्कूटरवर जमतं. मी पुढे, ते मागे, कोणाला कोणाचं तोंड दिसत नाही. परवा सूरसागरला वळसा घालताना मागून आवाज आला, "ते अडकलेले पैसे मिळाले का सगळ्यांना?"

"मिळाले."

"एकूण एक?"

"एकूण एक, बाबा."

मग मंगळबाजार येईपर्यंत ते काही बोलले नाहीत. खांद्यावरचा हात मात्र त्यांनी काढला नाही.