शेवटचं वाक्य पडद्यासाठी

गॅदरिंगचं निवेदन म्हणजे वाङ्मय, असं मी बारा वर्षं मानत आलो. मालवणजवळच्या आमच्या शाळेत निवेदन लिहायचं काम माझ्याकडे. प्रत्येक नाचाआधी चारोळी, मग एखादं सुभाषित, मग ‘सादर करीत आहेत’. मुलं ते पाठ करायची आणि एक शब्द चुकला तरी मी ओरडायचो. ते मत आता मी सोडलं आहे.

एका वर्षी रापणीचा नाच संपला, पडदा पडला आणि आत खरं जाळं गुंतलं. निवेदन करणाऱ्या मुलीने चारोळी म्हटली, पुढच्या पावसाच्या गाण्याचं नाव सांगितलं, टाळ्याही पडल्या. पडदा मात्र उघडेना. कागद संपला होता. ती माझ्याकडे बघत राहिली. तेवढ्यात तिचा जोडीदार, आठवीतला मुलगा, माईकजवळ गेला आणि मालवणीत म्हणाला, “जाळा गुंतला हा, सोडवतत. तवसर सांगा, आज बांगडो काय भावान होतो?” मंडपातून उत्तरं आली, हशा उठला आणि तीन मिनिटं कुठे गेली ते कळलं नाही.

मला दशावतारातला संकासुर आठवला. आख्यान सुरू होण्याआधी तो काळ्या वेशात येतो आणि मालवणीत प्रेक्षकांशी बोलत बसतो. दशावतारात संवाद लिहून दिलेले नसतात, नटाला ते तिथेच सुचावे लागतात. लहानपणापासून जत्रेत हे पाहत आलो, आणि मुलांच्या हाती मात्र पाठांतर दिलं.

आता मी आधी घड्याळ लावतो. रंगीत तालमीत प्रत्येक दोन कार्यक्रमांमध्ये रंगमंच रिकामा व्हायला किती वेळ लागतो ते मोजतो. जाळं, वल्ही उचलायला दीड मिनिट लागत असेल तर निवेदन तेवढंच. नुसती मुलंच बदलायची असतील तर दोन वाक्यं पुरतात. मग मागच्या कार्यक्रमातली एक वस्तू धरून पुढच्यात जायचं. रापणीनंतरचा दुवा आता असा आहे: “दोन्ही दोर ओढून झाले, मासळीचे वाटे झाले. आता जाळं गुंडाळा, होडी वर घ्या. का सांगा? आभाळाकडे बघा! नारळी पौर्णिमेपर्यंत आता दर्यावर राज्य त्याचं. पहिलीची मुलं घेऊन येताहेत... पाऊस!”

‘पाऊस’ हा शब्द मुद्दाम शेवटी. तो ऐकला की पडदा ओढणाऱ्याने दोर ओढायचा आणि ध्वनिक्षेपकवाल्याने गाणं लावायचं. नाव आधी सांगून पुढे बोलत राहिलं तर टाळ्या भलत्याच ठिकाणी पडतात आणि गाणं निवेदनावर चढतं. ‘का सांगा?’ इथे मुलांनी थांबायचं, लोकांना उत्तर द्यायला वाव ठेवायचा. आतून तयारीचा हात दिसेपर्यंत ‘आभाळाकडे बघा’च्या पुढे जायचं नाही. तोवर मंडपाशी बोलायचं, ज्याला जी भाषा येते त्या भाषेत.

चारोळ्यांची वही मी ठेवली आहे. एखादी अजून वापरतो, पण कार्यक्रमाच्या सुरुवातीला, मंडप भरेपर्यंत.